दोन भाषा येतात म्हणून दुभाषी होता येत नाही

"बेळगावात दुभाषी कशाला शोधायचा? दोन्ही भाषा येणारा कुणीही बसवा. डोकं तल्लख असलं की वही लागत नाही. आणि भीतीच वाटत असेल तर त्याला सगळं शब्दशः उतरवून घ्यायला सांगा, म्हणजे काही सुटायचं नाही."

दुभाष्याचं काम करताना मला असा सल्ला ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. आधी भाषेचं बघू. समजा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हुबळीचे खरेदीदार आलेत आणि कन्नडमधून सलग मिनिटभर बोलतात. त्यांचं म्हणणं असं: मागच्या सप्लायरनं माल उशिरा दिला, त्यामुळं आमची लाईन थांबली. तुमच्याकडून महिन्याला १२०० नग घेऊ, भाव किलोला ९२ रुपये. पण रिजेक्शन ३ टक्क्यांच्या वर गेलं तर परतीचं भाडं तुमचं. पहिले दोन महिने पेमेंट ७५ दिवसांनी, पुढं ४५ दिवसांनी.

घरी-बाजारात दोन्ही भाषा सराईतपणे बोलणारा माणूस यातलं बरंचसं सांगतो. "मोठी ऑर्डर आहे, भाव ९२, पैसे ७५ दिवसांनी." गळतात त्या अटी: "३ टक्क्यांच्या वर गेलं तर" आणि "पहिले दोन महिने". मालकांनी खेळतं भांडवल कायम ७५ दिवसांच्या हिशेबानं धरलं, तर त्या गळतीची किंमत तेच मोजणार. कन्नड समजणं हे एक काम आहे. मिनिटभराचं बोलणं त्याच्या जोडांसकट धरून ठेवून दुसऱ्या भाषेत मांडणं हे दुसरं, आणि ते वेगळं शिकावं लागतं.

आता तल्लख डोक्याचं. मागच्या सप्लायरची हकीकत लक्षात राहते, कारण तिला कारण आणि परिणाम आहेत. उशीर झाला, लाईन थांबली, म्हणून नवा माणूस शोधला. एक आठवलं की दुसरं आपोआप येतं. पण १२००, ९२, ३, ७५ आणि ४५ यांना एकमेकांशी बांधणारं काहीच नाही. एक आकडा धरून ठेवायला जावं तर पुढचं वाक्य ऐकायचं राहतं. म्हणून आकडे, नावं आणि तारखा कानावर पडताक्षणी कागदावर जायला हव्यात, आणि हकीकत डोक्यात. मी ती चित्रासारखी डोळ्यांसमोर आणतो: थांबलेली लाईन, परत निघालेला ट्रक, त्याचं भाडं देणारा माणूस. बोलणाऱ्याचे मुद्दे डाव्या हाताच्या बोटांवर मोजतो. चार मोजले आणि सांगताना तीनच झाले, तर एक राहिलाय हे तिथंच कळतं.

या भाषांच्या जोडीत आकड्यांचा त्रास जास्तच. मशीनच्या आवाजात कन्नडमधला "इप्पत्तैदु" आणि "एप्पत्तैदु", म्हणजे २५ आणि ७५, सहज एकसारखे ऐकू येतात. शिवाय कन्नडमध्ये दहाचा आकडा आधी येतो, मराठीत "पंचाहत्तर" म्हणताना एककाचा. ऐकल्याबरोबर अंकात लिहिलं की ही उलटापालट डोक्यात करावी लागत नाही. अंक मात्र एकाच लिपीतले ठेवा; देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात. शंका आली तर तिथंच विचारावं: "सर, एप्पत्तैदु का इप्पत्तैदु?" यात कमीपणा काहीच नाही.

शब्दशः लिहिण्याचा सल्ला सगळ्यात घातक. माणूस मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो, हातानं त्याच्या चौथाईइतकेही नीट लिहून होत नाहीत. मागं पडलेला हात कानालाही मागं ओढतो. शेवटी पान भरतं, पण वाक्यांचा अर्थ लागत नाही. वरच्या मिनिटभराची माझी नोंद एवढीच असेल:

मागचा सप्ला. उशीर
  → लाईन बंद
१२०० / महि.
  ९२ / कि.
पण   रिजे. > ३%
  → भाडं तुम्ही
पेमें. ७५ (महि. १–२)
  नंतर ४५
————

एका ओळीत एकच गोष्ट, आणि पुढची ओळ थोडी उजवीकडे सरकवून, म्हणजे कुणाचं काय ते नजरेला कळतं. "पण", "तर", "म्हणून" डाव्या कडेला, कारण वाक्य फिरतं ते तिथंच. नकार असेल तर शब्दावर ठळक काट. तो सुटला तर सौदाच उलटा होतो. लिहायचं ते मुद्दा कळल्यावर, शब्द ऐकू आल्याबरोबर नव्हे. आकडे आणि नावं तेवढी अपवाद. बोलणं संपलं की आडवी रेघ. वही वरून उलटणारी, लिहायचं पानाच्या एकाच बाजूला, आणि सांगून झालेल्या भागावर तिरकी रेघ, म्हणजे जुना ९२ नव्या बोलण्यात शिरत नाही.

आपल्या भागातली आणखी एक अडचण या सल्ल्यात कुठंच नाही. मालकांना थोडं कन्नड कळतं. भाव ऐकला की ते म्हणतात, "कळलं हो, पुढं चला." त्यांना कळलेला असतो आकडा, अट निसटलेली असते. अशा वेळी मी थांबत नाही. "साहेब, त्यात एक अट आहे, ती सांगतो," एवढं म्हणून पूर्ण सांगतो. बैठकीआधीच दोन्ही बाजूंना सांगून ठेवतो की दोन मिनिटांच्या वर सलग बोलू नका. आणि उठण्याआधी वहीतले सगळे आकडे, प्रत्येकाची अट जोडून, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत वाचून दाखवतो. ७५ का २५ हा घोळ उरलाच असेल, तर पर्चेस ऑर्डर निघण्याआधी तो या वाचनात सापडतो.