परदेशातून : गाण्यापुढं नाव कोणाचं?

"मामा, अष्टमीले देवीपुढं ऑर्केस्ट्रा ठेवला हाये. कोनी म्हनते गान्याचं लायसन लागते, कोनी म्हनते देवीच्या कामाले काही लागत नाही. तिकडं तुमी बॅंडमंदी वाजवता, तर कसं करता?"

मोर्शीकडच्या आमच्या गावाहून भाच्याचा हा निरोप आला, तेव्हा मी श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात कीबोर्ड गाडीत चढवत होतो. आम्ही पाच जण जुनी इंग्रजी-जर्मन गाणी वाजवतो, त्यातलं एकही आमचं नाही. इथं परवान्याची काळजी वाजवणाऱ्याला नसते, आयोजकाला असते. गीतकार-संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या 'गेमा' या संस्थेकडे गावचं मंडळ जत्रेआधी कार्यक्रमाची नोंद करतं. अशा जत्रेचे पैसे जागेचं क्षेत्रफळ आणि तिकिटाची किंमत पाहून ठरतात. नंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी जाते आणि तिच्यात प्रत्येक गाण्यापुढं संगीतकार-गीतकाराचं नाव हवं. ती यादी आमच्यात मीच भरतो, कारण बाकीचे तोवर बिअरकडे वळलेले असतात. एकदा एका मंडळाने आधी नोंदच केली नव्हती, तर त्यांना दुप्पट बिल आलं. 'आमची गाणी तुमच्याकडे नोंदलेलीच नाहीत' असं म्हणून सुटताही येत नाही, कारण ते सिद्ध करणं आयोजकावरच असतं.

भाच्याला मी फोन केला. तिकडून आधी मंडळाचे खजिनदार बोलले, "लायसन? ते तर ठाण्यातून आनलं न बाप्पा, दहापर्यंतचं!" तो लाउडस्पीकरचा परवाना. गाण्याच्या हक्काशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलं असेल असं नाही.

देवीच्या कामाला काही लागत नाही, हे गावातल्या वकीलसाहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या वेळी गायलेल्या गाण्यांना सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाचे इतर समारंभही त्यात स्पष्ट लिहिलेत. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांपुढं किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गायलं, तरी सूट. म्हणजे सहाची आरती आणि गावच्या पोरांची खंजिरी भजनं निवांत म्हणा. पण आठ वाजता अमरावतीहून साठ हजार देऊन आणलेला ऑर्केस्ट्रा हौशी कसा? आणि पुढच्या खुर्च्यांना पन्नास रुपये घेतले, तर श्रोते फुकटचे कसे? वकीलसाहेब म्हणतात, मांडव देवीचा, म्हणून सगळंच विधी. मला ते ताणलेलं वाटतं, पण गरबा-ऑर्केस्ट्रा विधीत मोडतो का, यावर वाद घालायला जागा आहे, हे मी मान्य करतो.

ऑर्केस्ट्रावाल्याने वेगळाच पत्ता टाकला : "पाच वर्षं झाली की कव्हर करता येते." ती तरतूद रेकॉर्डिंगची आहे, स्टेजची नाही. स्टेजवर सिनेमातलं गाणं गायचं, तर शब्द आणि चाल यांचा परवाना आयपीआरएस या भारतातल्या तशाच संस्थेकडून घ्यायचा. व्यवहारात तो आयोजक काढतो, पण गाणारा पूर्ण मोकळा असतो असं समजू नये. मूळ रेकॉर्डमधून आवाज काढून केलेल्या ट्रॅकवर गायलात, तर रेकॉर्ड कंपनीचा हक्कही मध्ये येतो. तो आयपीआरएसच्या परवान्यात बसत नाही. वाद्यं घेऊन वाजवणाऱ्याला हा दुसरा त्रास नाही. आमच्याकडचे निम्मे 'लाइव्ह' कार्यक्रम आता पेनड्राइव्हवर चालतात, म्हणून हे सांगतोय.

इथली पद्धत मला फार आवडते असं नाही. चाळीस माणसांच्या शेकोटीसाठीही फॉर्म भरताना कंटाळा येतो. पण आमच्याकडची चर्चा ऐकली की एक गोष्ट खटकते. सगळा वाद 'लागते की नाही' यावर. पैसे कोणाला जायचे, हे कोणी विचारत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गीतकार-संगीतकाराला अशा कार्यक्रमांतल्या रॉयल्टीचा आपला वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. तो त्याचा किंवा वारसांचाच. पण कोणती गाणी झाली हेच कुठं लिहिलेलं नसेल, तर वाटा कशावरून काढणार?

म्हणून भाच्याला म्हटलं, परवान्याचं मंडळ पाहील, तू यादी कर. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, त्यांच्या भजनांवर तो 2028 अखेरपर्यंत आहे. सुरेश भट 2003 मध्ये गेले, त्यांच्या गझला 2063 पर्यंत.

काल यादी आली. बावीस गाणी. नऊंपुढं गीतकाराची जागा रिकामी, आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यापुढं लिहिलंय, 'पारंपरिक'. वामनदादा 2004 मध्ये गेले.