पोलिसांपुढची कबुली: फॉरवर्डमधल्या तीन गोष्टी चुकीच्या

"आरोपीनं पोलिसांना सगळं कबूल केलं, व्हिडिओ पण आहे, तरी कोर्ट म्हणे तो पुरावा नाही! गुन्हेगाराला वाचवायला हा कायदा केलाय. आणि कबूल केलेलं असं फुकट जातं ते फक्त आपल्याच देशात."

आधी व्हिडिओचं बघू, कारण लोक तिथंच अडकतात. प्रश्न रेकॉर्डिंग क्लिअर आहे का हा नाहीच, कॅमेरा लावायच्या आधीच्या रात्री कोठडीत काय झालं हा आहे, आणि ते कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत लहान मुलाचा खून झाला, पोलिसांनी बस कंडक्टरला उचललं आणि त्यानं टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर गुन्हा कबूल पण केला. अख्ख्या देशानं बघितलं, फाशी द्या म्हणून झालं. मग केस सीबीआयकडे गेली, त्यांनी त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याला धरलं आणि कंडक्टर २०१८ मध्ये केसमधून सुटला. म्हणून कायदा (आधी १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम २५ आणि २६, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३) म्हणतो की पोलिसाला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही, आणि पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणालाही, अगदी पत्रकाराला दिलेली सुद्धा नाही, मॅजिस्ट्रेट स्वतः समोर असेल तरच चालते.

आता "वाचवायला" हे. ज्याला खरंच कबूल करायचंय त्याला दार उघडं आहे, मॅजिस्ट्रेटकडे जायचं. तिथं मॅजिस्ट्रेट आधी सांगतो की बाबा, तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर तुझ्याच विरुद्ध वापरलं जाईल, बऱ्याचदा विचार करायला वेळ पण देतो. आणि तिथं गेल्यावर तो "नाही, मला काही सांगायचं नाही" म्हणाला तर मॅजिस्ट्रेट त्याला परत पोलीस कोठडीत पाठवू शकत नाही. हे शेवटचं फार कुणाला माहीत नसतं, पण खरी गोम तिथंच आहे, कारण नकार दिल्यावर परत त्याच लोकांच्या हातात जायचं असेल तर नकार देईल कोण?

आणि सगळंच फुकट जातं असंही नाही हां. समजा आपल्या फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात खून झाला आणि आरोपी कोठडीत म्हणाला, "ज्या कोयत्यानं काकाला मारलं तो मी पाटाच्या कडेला तिसऱ्या माडाखाली पुरलाय, चला दाखवतो." पोलीस पंचांना घेऊन गेले, खणलं, कोयता मिळाला. तर "तिसऱ्या माडाखाली पुरलाय, दाखवतो" एवढं वाक्य कोर्टात चालतं, कारण कोयता खरोखर तिथं मिळाला म्हणजे त्याला जागा माहीत होती. पण "काकाला मारलं" हे गाळायचं, कोयता सापडला म्हणून खून त्यानंच केला हे सिद्ध होत नाही. हा फरक प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळात आपल्यासाठी सगळ्यात वरच्या असलेल्या लंडनच्या कोर्टानं, पुलुकुरी कोट्टय्या केसमध्ये घालून दिला, आजही तोच चालतो. पुढं कोयत्यावरचं रक्त काकांचंच का हे लॅबनं सांगायचं. आणि कोयता पोलिसांना आधीच माहीत असलेल्या जागी किंवा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा उघड्यावर पडलेला असेल तर ह्या जप्तीला वकील पाच मिनिटांत फाडून टाकतो.

फक्त आपल्याच देशात म्हणाल तर जपानच्या घटनेत लिहिलंय की एकट्या कबुलीवर दोषी धरता येत नाही. इंग्लंडमध्ये पोलिसांपुढची कबुली चालते, पण ती जबरदस्तीनं घेतली असा मुद्दा निघाला की तशी घेतलेली नाही हे सरकारी पक्षानं सिद्ध करायचं, १९८४ च्या कायद्यानं. पद्धत वेगळी, भीती तीच.

आता एक घरचं सांगतो. माझे मामा एकदा अशाच जप्तीला पंच होते, कुठल्या पोलीस स्टेशनचे ते राहूदे. वर्षांनी कोर्टात साक्षीला बोलावलं. पंचनाम्यात लिहिलेलं की आरोपीनं झुडपातून सुरी काढून दिली. वकिलानं विचारलं, "सुरी तुम्ही पहिल्यांदा कुठं बघितली?" मामा बिचारे सरळ माणूस, म्हणाले, "साहेबांच्या टेबलावर. चहा पीत होतो तेव्हा सही घेतली."