300 मिलिअँपिअर दाखवणारं मीटर आणि 1 अँपिअरचा चार्जर

एका मित्राचं म्हणणं: “मीटर लावून मोजलंय, अख्खा प्रोजेक्ट 300 मिलिअँपिअर खातो. 1 अँपिअरचा मोबाइल चार्जर भरपूर झाला. उगाच मोठा अडॅप्टर लावाल तर जास्त करंट घुसून बोर्ड जळेल.”

आधी शेवटची भीती. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर ही त्याची देण्याची कमाल क्षमता. बोर्ड लागेल तेवढाच करंट ओढतो. बोर्ड जळतो तो चुकीच्या व्होल्टेजने किंवा उलट्या जोडणीने. म्हणून अडॅप्टर 5 व्होल्टचाच हवा, अँपिअर कितीही जास्त असले तरी चालतात.

खरी गफलत त्या 300 मध्ये आहे. साधं मल्टिमीटर सरासरी दाखवतं, काही मिलिसेकंदांचा झटका त्याला दिसतच नाही. शेडनेटमधल्या एका कंट्रोलरचं उदाहरण घ्या: ESP32 हा वायफाय असलेला बोर्ड, चार रिलेंचं मॉड्यूल, 16x2 एलसीडी आणि झडप उघडणारा SG90 सर्व्हो. मोजताना दोनच रिले ओढलेले होते, सर्व्हो निवांत होता. बेरीज मात्र सगळं एकाच वेळी चालू आहे असं धरून करायची. वायफायचे झटके धरून ESP32 ला 500 मिलिअँपिअर राखायचे. 5 व्होल्टच्या एका रिलेची कॉइल साधारण 70 ओहमची, म्हणजे एकीला 70 मिलिअँपिअरच्या वर; इनपुटचे एलईडी धरून चारांचे 320. एलसीडीचे 30. सर्व्हो अडकला किंवा जागचा हलू लागला की 700 पर्यंत जातो. झाले 1550.

यावर 30 टक्के जास्त धरले की 2 अँपिअरच्या किंचित वर जातं. म्हणून 2 चा काठावरचा अडॅप्टर न घेता मी 3 चा घेतो. स्वस्त अडॅप्टर लेबलवरचा करंट सतत देतीलच असं नाही, शिवाय उन्हाळ्यात बंद डब्यात ते तापतात.

1 अँपिअरवर काय होतं ते मी पाहिलंय. पंप आणि पंखा चालू असताना झडप हलू लागली, एलसीडी क्षणभर मंद झाला, सगळे रिले एकदम सुटले आणि दोन सेकंदांनी पुन्हा कट-कट करत लागले. सीरियल मॉनिटरवर ही ओळ होती:

```
Brownout detector was triggered
```

म्हणजे व्होल्टेज खाली पडल्याने बोर्ड रीसेट झाला होता. त्या मित्राने दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली. कोड बरोबर होता.

मोठ्या अडॅप्टरनेही एक गोष्ट सुटत नाही: बारीक वायर. जाऊन-येऊन 0.4 ओहमच्या केबलमधून 1.5 अँपिअर गेले की 0.6 व्होल्ट तिथेच पडतात आणि बोर्डाला 4.4 मिळतात. त्यामुळे सर्व्हो आणि रिलेला थेट अडॅप्टरमधून वेगळी जाड वायर द्या, बोर्डाच्या पिनवरून नको, आणि ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेवा. मग सर्व्हो हलत असताना मीटर बोर्डाच्या 5 व्होल्ट पिनवर धरून बघा. तिथे 4.8 च्या खाली उतरत असेल तर आधी वायर बदला.