अर्ध्या सेकंदाचा टायमर आणि वर न गेलेला सिलेंडर

«पिक अँड प्लेसला रीड स्विच कशाला? प्रत्येक स्टेपला अर्ध्या सेकंदाचा टायमर टाका, सिलेंडर पोहोचतो. रीड स्विच चिकटतात आणि खोटं सांगतात. टाइमआउट फॉल्ट सारखा येत असेल तर वेळ वाढवून टाका.»

हवेच्या सिलेंडरने जॉब उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्या पिक अँड प्लेस मशीनबद्दल हा सल्ला अनेकजण देतात. रीड स्विच म्हणजे सिलेंडर टोकाला पोहोचल्याचं पीएलसीला सांगणारा स्विच. सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासू; आधी टायमरचं बघू. नेहमीची आठ स्टेपची सायकल घ्या: उभा सिलेंडर खाली, ग्रिपर बंद, उभा वर, आडवा पुढे, उभा खाली, ग्रिपर उघडा, उभा वर, आडवा मागे. समजा उभ्याला वर जायला ०.३५ सेकंद लागतात, म्हणून टायमर ०.५ ठेवला. त्याच लाइनवरच्या दुसऱ्या मशीनने एकदम हवा ओढली, प्रेशर ६ बारवरून ४ वर आलं, आणि आता त्याच स्ट्रोकला ०.७ सेकंद लागतात. टायमरला याचा पत्ता नाही. ०.५ ला आडवा सुटतो, तेव्हा जॉब अजून फिक्स्चरमध्येच असतो. नशीब चांगलं असेल तर ग्रिपरची बोटंच वाकतात. शिवाय टायमर वेळ वाचवतो असंही नाही. प्रत्येक स्टेपला ०.१५ सेकंद राखीव धरले तर आठ स्टेपमध्ये १.२ सेकंद नुसतेच जातात.

टायमरची एक जागा मात्र खरी आहे. पिस्टनचा मॅग्नेट टोकाच्या काही मिलिमीटर आधीच रीड स्विच ऑन करतो. त्यामुळे स्विच ऑन झाल्यावर थोडं थांबणं, किंवा ग्रिपरला पकड बसायला वेळ देणं, यात चूक काहीच नाही.

रीड स्विच चिकटतात हे खरं, पण का चिकटतात ते पाहा. त्याने थेट सोलेनॉइडची कॉइल चालवली की कॉन्टॅक्टवर स्पार्क होतो. पीएलसीच्या इनपुटला काही मिलिअँपिअरच लागतात. तिथे तो खूप टिकतो. आणखी एक कारण मी अनेकदा पाहिलंय: स्विच चालतोय का बघायला दोन वायरचा रीड थेट २४ व्होल्टच्या प्लस-मायनसला जोडतात. मध्ये लोड नाही, म्हणजे तो शॉर्टच झाला. मग दोष स्विचच्या माथी.

चिकटलेला स्विच ओळखण्यासाठी खर्चही लागत नाही, फक्त अट नीट लिहावी लागते. ‘खाली’ स्टेप पूर्ण झाली असं कधी मानायचं? खालचा स्विच ऑन आणि वरचा ऑफ, दोन्ही असतील तेव्हा. वरचा स्विच ऑनच चिकटला असेल तर सायकल याच स्टेपला अडकते आणि टाइमआउट देते. फक्त खालचा स्विच तपासला असता तर पुढच्या ‘वर’ स्टेपमध्ये तो चिकटलेला स्विच लगेच ‘पोहोचलो’ म्हणाला असता आणि आडवा सिलेंडर उभा खाली असतानाच निघाला असता. ग्रिपरचंही तसंच: पूर्ण बंद झाल्याचा स्विच ऑन झाला, तर बहुतेक वेळा हातात जॉबच नाही. स्विच जॉब पकडलेल्या जागेवर बसवा.

टाइमआउटबद्दलचा सल्ला सर्वांत घातक. स्विच ठीक असूनही वारंवार फॉल्ट येतो याची दोन कारणं असतात: एकतर प्रोग्राम चुकलाय, नाहीतर सिलेंडर खरंच हळू झालाय. प्रोग्राममधली नेहमीची चूक म्हणजे सगळ्या स्टेपना एकच टायमर, आणि स्टेप बदलताना तो शून्यावर येत नाही. ऑटो बंद असताना किंवा हवा नसतानाही तो मोजत राहतो. `tStep` हा TON टायमर धरा; स्टेपच्या लॉजिकनंतर हे लिहिलं की पुरतं:

```
tStep(IN := (nStep = nOld) AND bAuto
            AND bAirOK AND NOT bFault,
      PT := tMax[nStep]);
nOld := nStep;
IF tStep.Q THEN
  bFault := TRUE; nFaultStep := nStep;
END_IF
```

`bFault` असताना स्टेप पुढे जाऊ द्यायची नाही. पण सगळे आउटपुट शून्य करायचेही नाहीत. एका कॉइलचा स्प्रिंग रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर आउटपुट काढणं म्हणजे सिलेंडरला परत फिरायला सांगणं. ग्रिपरला दोन कॉइलचा व्हॉल्व्ह द्या, म्हणजे वीज गेली तरी स्पूल जागेवर राहतो; हवा असेपर्यंत पकड सुटत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं सर्किट वेगळं, ते या लॉजिकवर सोपवू नका.

०.३५ च्या स्ट्रोकला १ सेकंदाची मर्यादा पुरते. सुट्टीनंतर ताठरलेल्या सीलचा पहिला स्ट्रोकही सहसा त्यात बसतो. तरी फॉल्ट आला तर मर्यादा ५ सेकंद करण्याआधी दोन्ही दिशांचे वेळ स्क्रीनवर बघा. वर-खाली दोन्ही हळू असतील तर प्रेशर, फिल्टर किंवा पिस्टन सील. एकाच दिशेला हळू असेल तर त्या बाजूचा फ्लो कंट्रोल कुणी पिळलाय का ते बघा, नाहीतर व्हॉल्व्हच्या त्या एक्झॉस्टचा सायलेन्सर काढून एक स्ट्रोक मारा. वेळ परत ०.३५ वर आला तर सायलेन्सर तुंबलाय, तो बदला.