बूच घट्ट लावा म्हणे!

«केमिस्ट्री प्रॅक्टिकलची हमखास ट्रिक!! द्रवाचं मोलर मास १० मिनिटांत. १) फ्लास्कला बूच घट्ट लावा, वाफ जरासुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. मूळ शास्त्रज्ञ ड्यूमानेही फ्लास्क सीलच केला होता. २) टाकलेल्या द्रवाचं वजन हेच m. ३) फ्लास्कवर २५० लिहिलंय म्हणजे V = २५० मिली. दाब १, तापमान १०० धरा. ४) उत्तर नेहमी कमी येतं कारण थंड होताना वाफ उडते. शेवटी २५ टक्के वाढवा, पूर्ण मार्क!»

आणि खाली भाचीचा प्रश्न: «मावशी, आमच्या सगळ्या बॅचला हे आलंय. उद्या अॅसिटोन आहे. असंच करायचं ना?»

नाही. आणि पहिला मुद्दा तर बॅचमधल्या प्रत्येकीला आत्ता, रात्रीच कळव, कारण बाकीच्यांनी फक्त उत्तर चुकेल, यात डोळे जातील.

हिशेब करून बघ. आपण साधारण ३ मिली अॅसिटोन घेतो. ते ५६ अंशाला उकळतं आणि आपण फ्लास्क धरतो जवळजवळ १०० अंशाच्या पाण्यात. त्या तापमानाला अॅसिटोनच्या वाफेचा दाब एकटाच साडेतीन वातावरणांच्या आसपास असतो. बूच लावताना आत अडकलेली हवाही तापून फुगते, ती धरली तर आतला दाब साडेचारच्या पुढे जातो. कोनिकल फ्लास्कचा सपाट तळ असला दाब पेलायला बनवलेलाच नसतो. नशीब चांगलं असेल तर बूच उडून छताला लागेल, नसेल तर काच फुटेल. त्यातून शेजारच्या टेबलावर बर्नर पेटलेला असला तर बघायलाच नको. अॅसिटोनची वाफ शून्याखाली वीस अंशालाही पेट घेते, म्हणून या प्रयोगाला हॉट प्लेटच वापरायची, ज्योत नाही.

समजा फ्लास्क टिकला. तरी हाती काय लागणार? आतला दाब किती हे तुला ठाऊकच नाही, मग M = mRT/PV मध्ये P म्हणून काय लिहिणार? फ्लास्कच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल ताणून बांधतात आणि टाचणीने एकच बारीक भोक पाडतात, ते याचसाठी. द्रव उकळायला लागला की वाफ आधी हवेला त्या भोकातून बाहेर हाकलते, मग जास्तीची वाफ स्वतःही निघून जाते. उरते ती बरोबर एक फ्लास्कभर वाफ, बाहेरच्या हवेइतक्याच दाबाची. वाफ बाहेर जाणं हाच प्रयोग आहे!

भोकाच्या वर नीट बघितलंस, खिडकीकडे तोंड करून, तर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसं हवेचं थरथरणं दिसेल. तळातला शेवटचा थेंब गेला, थरथर थांबली, की आणखी एक-दोन मिनिटं थांबायचं आणि फ्लास्क बाहेर काढायचा.

ड्यूमाचं म्हणशील तर हो, त्याने सील केलं होतं, हे अर्धसत्य मला मान्य करावं लागतंय. पण कधी केलं? १८२६ साली त्याने ही पद्धत मांडली, त्यात काचेच्या फुग्याची मान ओढून सुईसारखी बारीक केलेली असे. द्रव आत घालून फुगा गरम कुंडात धरायचा, आणि त्या टोकातून वाफेचा झोत येणं पूर्ण थांबलं की मगच ज्योतीने टोक वितळवून बंद करायचं. म्हणजे जास्तीची वाफ निघून गेल्यावर. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शेवटची पायरी पहिली केली.

दुसऱ्या मुद्द्यावर फार बोलायला नको. टाकलेल्या तीन मिलीचं वजन सव्वादोन ग्रॅमच्या वर असतं आणि त्यातलं पाऊण द्रव्य उडून जातं. m म्हणजे राहिलेल्या वाफेचं वजन. फ्लास्क थंड करायचा, बाहेरून पुसायचा आणि फॉइलसकट तोलायचा. त्यातून आधी तोललेल्या रिकाम्या फ्लास्क-फॉइलचं वजन वजा. पुसताना फॉइलच्या दुमडीखाली बघ. तिथे पाणी लपतं, आणि पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. आपली सगळी वाफच अर्ध्या ग्रॅमची असते, म्हणजे एका थेंबाने दहा टक्के गेले.

तिसरा. २५० ही खूण मानेच्या खाली असते, वाफ मात्र तोंडापर्यंत भरते. फ्लास्क पाण्याने काठोकाठ भरून ते पाणी मोजपात्रात ओत. २८५ मिलीच्या आसपास निघेल. दाबाचं तर पुण्यात राहून १ धरणं म्हणजे कमालच आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे खरा दाब ०.९३५ वातावरणाच्या आसपास आणि पाणी उकळतं ९८ अंशाला. मोबाइलवरच्या हवामान अॅपमध्ये १०१० दिसेल, त्याला भुलू नकोस. तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. लॅबच्या भिंतीवरचा बॅरोमीटर वाच, ७११ मिमीच्या जवळपास असेल.

आता चौथा, यात थोडं तथ्य आहे म्हणून जास्त चीड येते. उत्तर खरंच कमी येतं. पण कारण वेगळं आहे. फ्लास्क थंड झाला की बरंचसं अॅसिटोन तळाशी द्रव होतं आणि भोकातून हवा परत आत शिरते. पण पूर्ण नाही शिरत, कारण २५ अंशालाही अॅसिटोनच्या वाफेचा दाब ०.३० वातावरण असतो, आणि तेवढी जागा ती अडवून बसते. रिकामा फ्लास्क तोलला तेव्हा तो हवेने पूर्ण भरलेला होता, आता त्यातली थोडी हवा गायब आहे. ती गायब हवा आपल्या m मधून चोरली जाते.

समजा वजनातला फरक ०.४०७ ग्रॅम आला. V = ०.२८५ लिटर, P = ०.९३५, T = ३७१ घातलं की M येतं ४६.५. आता गायब हवा काढ: ०.३० × ०.२८५ ला ०.०८२०६ × २९८ ने भाग, आणि हवेच्या २९ ने गुण. ०.१०१ ग्रॅम. ती m मध्ये परत मिळव, ०.५०८ झाले, आणि M आलं ५८.०. अॅसिटोनचं खरं मोलर मास ५८.०८.

४६.५ मध्ये २५ टक्के मिळवलेस तरी ५८ येतं, हे मला दिसतंय. कुणातरी सिनियरने अॅसिटोनवर हा आकडा बसवला आणि नियम म्हणून पुढे पाठवला. पण फॉरवर्डमधलेच २५०, १ आणि १०० घालून मग २५ टक्के वाढवलेस तर ६२ च्या वर जातं, म्हणजे स्वतःच्या ट्रिकनेही तो पास होत नाही. आणि सरांनी अॅसिटोनऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल दिलं तर? त्याचा २५ अंशाचा वाफेचा दाब ०.०६ वातावरणसुद्धा नाही. तिथे गायब हवेने उत्तर जेमतेम चार टक्क्यांनी कमी येतं, ६० च्या जागी ५८. त्याच्यावर २५ टक्के चढवून ७२ लिहिलंस की व्हायव्हाला काय विचारतील ते तूच सांग.