पुरीची गोळी भज्याला चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "तुमचा लेख वाचून रविवारी तळणाचा घाट घातला. 'पिठाची गोळी टाकताच वर आली की तेल तयार' असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या चार पुऱ्या टम्म फुगल्या, नंतरच्यांवर लाल डाग पडले. त्याच तेलात कांदाभजी सोडली तर बाहेरून काळपट, आतून कच्ची. शेवटी बोंबील, ते तेल प्यायले आणि रव्यानं साथ सोडली. गोळी मात्र प्रत्येक वेळी वर आली होती! थर्मामीटर नसलेल्यांनी काय करायचं? असले अर्धवट सल्ले देऊ नका."

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे. चूक माझ्या त्या एका ओळीत आहे, तुमच्या हातात नाही. पुरी, भजी आणि मासे तिन्हींना एकच कसोटी लावली हा माझा आळस. आता तुमच्या रविवारकडेच नीट बघू, कारण तिन्ही घाण्यांत एकच गोष्ट निरनिराळ्या रूपांत बिघडली आहे.

गोळी सांगते ती तेलाची त्या क्षणाची धग. पदार्थ पडल्यावर ती धग किती उरेल, हे ती सांगत नाही. पुरीचं पीठ घट्ट असतं, त्यात पाणी कमी. हरभऱ्याएवढी गोळी दोन-तीन इंच खोल तेलात टाकली, ती तळाला टेकली आणि सेकंद-दोन सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आली, तर तेल १८५-१९० अंशांच्या आसपास असतं. तळाशी तीन-चार सेकंद रेंगाळून मग वर आली, तर १७० च्या जवळपास. हे आकडे ढोबळच, कारण गोळी मोठी झाली की वेळ बदलतो. म्हणून गोळी दरवेळी सारखीच घ्या. 'वर आली' एवढं पुरेसं नाही, किती वेळात आली ते मोजायचं. माझ्या ओळीत नेमकं हेच नव्हतं.

पुरीला कडक तेल लागतं, कारण तिला वीस-पंचवीस सेकंदच मिळतात. तेवढ्यात वरचा पापुद्रा आवळायला हवा आणि आतल्या पाण्याची एकदम वाफ व्हायला हवी. तेल थंड असेल तर पाणी हळूहळू निघून जातं, पापुद्रा वाफ अडवत नाही आणि पुरीची पापडी होते. तुमच्याकडे झालं ते याच्या उलट. एक पुरी जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची. लिटरभर तेलाची धग ती दोन-तीन अंशच उतरवते आणि गॅस तो तोटा लगेच भरून काढतो. तुम्ही लाटेपर्यंत रिकामं तेल तापतच राहतं. पाचव्या-सहाव्या पुरीला ते २०० च्या वर गेलं असणार. ते लाल डाग त्याचेच. पुऱ्यांच्या घाण्यात दर तीन-चार पुऱ्यांनंतर आच बारीक करायची आणि पुन्हा एक गोळी टाकून पाहायची. धूर दिसेपर्यंत थांबू नका. रिफाइंड शेंगदाणा तेल धुरकटतं तेव्हा ते पुरीच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, आणि लाकडी घाण्याचं तेल याच्या खूप आधीच धूर सोडतं. दोन्हींच्या धुराचा अर्थ वेगळा, त्यामुळे धूर ही कसोटीच नव्हे.

आता भजी. त्या तापलेल्या तेलात तुम्ही भजी सोडली. कांद्याचं पाणी बाहेर पडायला आणि आतलं बेसन शिजायला तीन-चार मिनिटं लागतात. २०० अंशांवर बाहेरचं बेसन मिनिटभरातच काळपट होतं. भज्याला सोडताना १७० ते १७५ हवं, आणि इथे पुरीची गोळी नको, भज्याचंच पीठ हवं. पाव चमचा पीठ सोडा. थेंब खाली जाऊन तीन-एक सेकंदांत वर आला आणि वीस सेकंदांनीही फिका पिवळाच राहिला, तर सोडा भजी. पडताक्षणी पसरून तरंगला आणि दहा सेकंदांत तांबूस झाला, तर तेल फार कडक आहे. तळाला चिकटून बसला, तर थांबा.

इथे पुरीच्या उलटा खेळ असतो. आठ-दहा भज्यांचा घाणा म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम ओलं पीठ. लिटरभर तेलाची धग त्यानं वीस-पंचवीस अंशांनी उतरते. म्हणून भजी सोडल्यावर अर्धा मिनिट आच मोठी ठेवायची, बुडबुडे जोरात आले की मध्यम करायची. पुऱ्यांच्या वेळी आच कमी करत न्यायची आणि भज्यांच्या वेळी आधी वाढवायची, हा फरक हाताला बसला की बराच घोळ मिटतो.

पुऱ्यांनंतर तेल उतरवायचं कसं? गॅस बंद करून थांबा, किंवा १९० च्या लिटरभर तेलात दीडशे मिलीलिटर खोलीच्या तापमानाचं ताजं तेल कडेनं सावकाश ओता. हिशेबानं ते १७० च्या आसपास येतं. भांडं मात्र अगदी कोरडं हवं. पाण्याचा थेंब तळाशी गेला तर फटकन उसळी येते. कढईत मावेल ना तेही आधी बघा, वर चार बोटं जागा सोडायची असते.

बोंबील. हा मासा म्हणजे पाणपिशवीच. फ्रीजमधून काढून तसेच आठ-दहा एकदम सोडले तर लिटरभर तेल चाळीसहून अधिक अंश खाली येतं. तोवर रव्याचं कवच तयारच झालेलं नसतं. मग ते सुटून तळाशी बसतं आणि मासा तेल पितो. बोंबील चिरून, दोन फडक्यांमध्ये घालून वर पाटा किंवा जड भांडं अर्धा तास ठेवा, तो चपटा होतो आणि पाणी सोडतो. मसाला लावून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, रवा आणि तांदळाचं पीठ मात्र सोडायच्या क्षणीच लावा. आधी लावून ठेवलं की ते ओलं होऊन लोंबतं.

माशाची कसोटी माशानंच करा: शेपटीकडचं टोक तेलाला लावा. भोवती लगेच बारीक, दाट बुडबुडे उठून 'चर्र' असा एकसारखा आवाज आला, तर १८० च्या आसपास आहे, सोडा. मोठे, तुरळक बुडबुडे म्हणजे तेल थंड. आवाज फुटका, तडतडणारा आणि मसाला लगेच काळवंडत असेल, तर कडक. एका वेळी तीनच. बुडबुडे मंदावले आणि आवाज बारीक झाला की आतलं पाणी बहुतेक निघालं, काढा. जाळीवर निथळा, कागदावर थरावर थर नको. बाहेर काढल्यावर पदार्थ थंड होताना आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं, म्हणून ते पहिल्या मिनिटातच निथळलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, भज्यांनंतर तेल गाळून घेतलंत का? तळाशी जळलेलं बेसन राहिलं असेल, तर बोंबलांवर काळे ठिपके येतात आणि कडू चव लागते. त्याचा तापमानाशी संबंध नाही.

लेखातली ती ओळ आज काढून टाकतो. तिच्या जागी तीन वेगळ्या कसोट्या येतील: पुरीला गोळी सेकंद-दोन सेकंदांत वर, भज्याला थेंब तीन-एक सेकंदांत वर आणि वीस सेकंद फिका, माशाला शेपटीभोवती दाट बुडबुडे. पुढच्या रविवारी याप्रमाणे करून कुठे अडलं तर लिहा. तेल किती आणि कढई कसली, लोखंडी की ॲल्युमिनियमची, हेही सांगा, कारण जाड लोखंडी कढई धग धरून ठेवते आणि गॅस बंद केल्यावरही काही वेळ तेल तापवत राहते.