मुली तळटीपेत गेल्या

"स्त्रिया गुन्हे करतातच किती? तुरुंगात जाऊन बघा, पुरुषच भरलेत. मग अभ्यासही पुरुषांचाच होणार, यात कट कसला? आणि वगळलं म्हणता, तर लोंब्रोझोने 1893 मध्येच गुन्हेगार स्त्रियांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. बलात्कारपीडितांची मोजदादही झाली होती. स्त्रीवादी गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुन्हेगार बाईला बिचारी ठरवायची सोय."

गुन्हेगारीशास्त्राने स्त्रियांना वगळलं, असं स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात तेव्हा हे उत्तर ठरलेलं असतं. त्यातलं तुरुंगाबद्दलचं म्हणणं खरं आहे आणि ते कुठली स्त्रीवादी अभ्यासक नाकारत नाही. पण आकडा लहान म्हणून अभ्यास झाला नाही, हे पटण्यासारखं नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शीचंच उदाहरण घ्या. त्याचं 1969 चं पुस्तक आजही गुन्हेगारीशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असतं. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड भागातल्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी हा त्याचा पाया. घरच्यांशी जवळीक किती, शाळेची ओढ किती, काय-काय उचापती केल्या, असे प्रश्न विचारून उत्तरं भरून घेतली होती, आणि ती मुलींकडूनही घेतली होती. म्हणजे कागद हाताशी होते. विश्लेषणाच्या वेळी मात्र मुली बाजूला काढल्या गेल्या आणि एका तळटीपेत हर्शीने तशी कबुली दिली. मुलींकडे फार काळ दुर्लक्ष झालं आहे, त्यामुळे त्यांना वगळण्याचं समर्थन करणं कठीण आहे, लवकरच त्यांच्याकडे परत येण्याची आशा आहे, अशा आशयाची ती टीप आहे. माणूस प्रामाणिक होता, एवढं म्हणायला हवं.

गंमत पुढेच आहे. माणसं गुन्हा का करतात हा हर्शीचा प्रश्नच नव्हता. बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत, असं त्याने विचारलं, आणि घर, शाळा, समाज यांच्याशी असलेले बंध माणसाला धरून ठेवतात असं उत्तर दिलं. आता त्याच वस्तीत, त्याच गरिबीत, त्याच आईबापांच्या हाताखाली वाढलेल्या आणि तरी भावांपेक्षा कितीतरी कमी गुन्हे करणाऱ्या मुली समोर असताना या सिद्धांताची कसोटी कोणावर लागणार? बहिणींवरच. पोरीवर नजर जास्त असते म्हणून ती कमी बिघडते, की तिला बिघडायची संधीच मिळत नाही, की बंध तिच्या बाबतीत वेगळ्याच तऱ्हेने काम करतात? हे प्रश्न त्याच प्रश्नावल्यांना विचारता आले असते. पुढे कॅनडात जॉन हेगन आणि सहकाऱ्यांनी घरातली सत्ता आणि मुलामुलींवरचा पहारा यांचा संबंध तपासला, तेव्हा ही दिशा नीट धरली गेली. आकडा लहान होता, हे कारण नव्हे. तो लहान का आहे, हेच शास्त्रापुढचं सगळ्यात मोठं कोडं होतं आणि ते कोडं म्हणून क्वचितच कोणी नीट हाती घेतलं होतं.

लोंब्रोझोचा ग्रंथ आहे, हे बरोबर. या इटालियन डॉक्टरने पुढे जावई झालेल्या फेरेरोबरोबर तो लिहिला. पण त्यात शार्लट कॉर्देच्या कवटीचं काय केलंय ते पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीत मारा या क्रांतिकारक नेत्याचा खून करणारी ही तरुणी चित्रांत सुंदर दिसते, गुन्हा राजकीय, पूर्वचरित्र स्वच्छ. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि शरीरावरच्या खुणांवरून ओळखता येतो, या लोंब्रोझोच्या सिद्धांतात ती बसेना. मग तिची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कवटीत त्याला चपटेपणा सापडला, मागच्या हाडात मधोमध खळगा सापडला, आणि तीही जन्मजात खुणांमध्ये बसली. कवटी खरंच तिची होती का, याचीच शंका आहे. एकूण मोजमापात गुन्हेगार स्त्रियांत अशा खुणा पुरुषांपेक्षा कमीच निघाल्या. एखाद्याने सिद्धांत सोडला असता. त्याने मात्र खुणा कमी, कारण बाई मुळातच कमी उत्क्रांत, असा अर्थ लावला. आईपण, धार्मिकपणा आणि मंद बुद्धी तिला आवरून धरतात, आणि एवढं सगळं ओलांडून जी गुन्हा करते ती राक्षसीणच असणार, हा पुढचा निष्कर्ष. खुणा असल्या तरी दोषी, नसल्या तरी दोषी. गरिबी, नवरा, मजुरी, यांची दखल घेऊन झाली की शेवटी स्वभावावर यायचं. 1950 मध्ये ओटो पोलाकने उलट टोक गाठलं: स्त्रिया पुरुषांएवढेच गुन्हे करतात, फक्त लपवतात, कारण मासिक पाळी लपवण्यातून आणि शरीरसुखाचं सोंग करण्यातून त्यांना लपवाछपवीची सवय लागते. पुरावा काय? दिसत नाहीत हाच पुरावा. ग्रंथ लिहिले म्हणजे दखल घेतली, असं होत नाही.

मोजदादीकडे जरा थांबून बघू, कारण इथे घोळ बारीक आहे. अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँगने फिलाडेल्फियातले 1948 ते 1952 मधले 588 खून तपासले आणि 'बळी पडलेल्यानेच सुरुवात केली' असा एक वर्ग केला. त्याची अट सरळ होती: मेलेल्या माणसाने आधी हात उगारला असला पाहिजे. हे तपासता येतं. त्याच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेनाकेम अमीरने हीच कल्पना बलात्कारावर लावली. पोलीस दप्तरातली 1958 आणि 1960 ची 646 प्रकरणं घेऊन त्यातली 122, म्हणजे 19 टक्के, 'पीडितेने ओढवून घेतलेली' ठरवली. इथे मात्र अट हात उगारण्याची राहिली नाही. आधी हो म्हणून नंतर नकार दिला, पुरेसा जोरकस प्रतिकार केला नाही, बोलणं-वागणं आमंत्रणासारखं वाटलं, हे सगळं त्यात आलं. कोणाला वाटलं? आरोपीला, तेही पोलिसांनी लिहून घेतलेल्या कागदात. खुनाच्या वेळी कृती मोजली, बलात्काराच्या वेळी आरोपीची समजूत मोजली. शब्द तोच ठेवला म्हणून शास्त्र तेच राहत नाही.

ही फूटपट्टी अमेरिकेपुरती नव्हती. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, हा त्यातला मुद्दा. वसुधा धगमवार, लोतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की मुकाट सहन करणं आणि संमती यांत फरक नाही का. 1983 मध्ये कायदा बदलला, तो या हालचालीतून. अमीर कोणी वाचला होता असं नाही. वाचायची गरजही नव्हती.

राहिला 'बिचारी' हा शब्द. चूक दोन्हीकडून झाली आहे. स्त्रिया मोकळ्या झाल्या की त्यांचे गुन्हेही पुरुषांसारखे होतील, असं अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ फ्रेडा ॲडलरने 1975 मध्ये मांडलं. त्यावर स्त्रीवादी अभ्यासकांनीच सडकून टीका केली: पकडल्या जाणाऱ्या बहुतेक बायका किरकोळ चोऱ्या करणाऱ्या गरीब होत्या, बड्या खुर्चीवरच्या नव्हेत. मेडा चेस्नी-लिंडने दाखवलं ते वेगळं होतं. घरात मारहाण किंवा अत्याचार होतो म्हणून पळालेली मुलगी 'घर सोडलं' याच कारणाने पकडली जाते, परत त्याच घरी पाठवली जाते, आणि पुन्हा पळाली की जगण्यासाठी जे करते त्याची पुढची नोंद होते. यात तिला माफी दिलेली नाही, घटनांचा क्रम लावलेला आहे.

आणि हा क्रम वुल्फगँगच्या तक्त्यांतही पडून होता. त्याच्या 588 खुनांत पतींनी मारलेल्या 53 पत्नी होत्या आणि पत्नींनी मारलेले 47 पती. त्याच्या अटीप्रमाणे आधी हात उगारलेल्या त्या मृत पत्नी किती? 5. आणि पती? 47 पैकी 28.